आढ्यावरची भेग

दोन पाखी माथ्यावर जिथे भेटतात तिथली फट झाकायला कोने बसवतात. कोन्यांच्या दोन्ही कडांखाली सिमेंटचा माल भरून गवंडी थापीने गुळगुळीत करतो, आणि घरमालक निश्चिंत होतो. पुढच्या पावसात माजघरात थेंब पडतो. वर चढून पाहावे तर मालाला केसाएवढी बारीक भेग.

दापोलीजवळच्या आमच्या मामांच्या घरी हे सलग तीन वर्षे झाले. आढे तीस फुटांचे, कोने चोवीस. दर मे महिन्यात जुन्या भेगेवर नवा माल थापायचा आणि जूनमध्ये त्याच जागी पुन्हा भेग. मामांचे म्हणणे, माल कमी पडतो, सिमेंट वाढवा. चौथ्या वर्षी मी वर गेलो आणि एक कोना हलवून पाहिला. तो अलगद हातात आला. खालचा माल साच्यातून काढावा तसा गुळगुळीत होता, आणि कोन्याच्या पोटाला त्याचा कणही चिकटलेला नव्हता. म्हणजे माल फुटला नव्हता, तो कधी धरलाच नव्हता.

भाजलेले कौल तहानलेले असते. मेच्या उन्हात तापलेला कोरडा कोना ओल्या मालावर ठेवला की तो मालातले पाणी शोषून घेतो. सिमेंट घट्ट व्हायला तेच पाणी लागते. ते न मिळाल्याने कोन्याला लागून असलेला मालाचा थर भुसभुशीत राहतो, आणि पहिल्याच हेलकाव्याला सांधा सुटतो. त्यात माल जितका सिमेंटने भारी, तितका तो सुकताना जास्त आकसतो. मामा नेमके उलट्या दिशेने चालले होते.

दुसरे कारण छपराच्या हालचालीत आहे. लाकडी वासे पावसाळ्यात ओल पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. वाऱ्याने पाखी किंचित उचलतात, बसतात. शिवाय माल आणि कौल एकाच मापाने तापत नाहीत. दुपारी साठ अंशांवर गेलेले आढे सरीने पंचवीसवर आले, तर तीस फुटांत माल साधारण साडेतीन मिलिमीटर आकसू पाहतो, कौल मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. घट्ट सिमेंट वाकत नाही, म्हणून फुटते. जुने गवंडी चुना वापरत. तो मऊ असल्याने थोडी हालचाल सोसतो, आणि त्याच्या बारीक भेगा पावसाच्या पाण्याने विरघळलेल्या चुन्यानेच पुन्हा भरून येतात.

भेग पडली की पाणी तिच्यात ओढले जाते, आणि कोन्याखाली माल ठासून भरला असेल तर बाहेर पडायला वाटच उरत नाही. ते आढ्याच्या लाकडावर बसून राहते. म्हणून माल फक्त कडांना लावायचा, पोट पोकळ ठेवायचे.

कोरड्या पद्धतीत माल मुळीच नसतो. आढ्यावर कंस ठोकून त्यावर एक रीप उंचावतात. त्या रीपेवरून दोन्ही पाखींवर, कडांना चिकटपट्टी असलेली, हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी गुंडाळी पसरतात. त्यावर कोने ठेवून प्रत्येक कोना गंज न लागणाऱ्या स्क्रूने आणि पकडीने रीपेला बांधतात. कोने थोडे हलू शकतात, आणि माळ्यावरची गरम, दमट हवा माथ्यातून बाहेर जाते. ब्रिटनमध्ये २०१४ च्या सुधारित मानकानुसार कोने नुसत्या मालावर सोडता येत नाहीत, त्यांना यांत्रिक पकड हवीच. आपल्याकडे वानरांसाठीही ती उपयोगी. मालावरचे कोने ती सहज उपटतात.

मामांच्या घरी आम्ही हीच पद्धत घेतली. अडचणी आल्या. जुने आढे मधोमध वाकलेले, त्यामुळे रीप सरळ करण्यातच एक दिवस गेला. मंगळुरी कौलांच्या नळ्या खोल असतात, गुंडाळीची कड प्रत्येक नळीत बोटाने दाबून बसवावी लागली. आणि शेवाळलेल्या, धुळीच्या कौलावर ती चिकटतच नाही. आधी ब्रशने घासून पूर्ण वाळवावे लागते. खर्चही मालापेक्षा बराच जास्त आला.

ज्यांना माल सोडवत नाही त्यांनी एक सिमेंट, एक चुना, सहा जाड धुतलेली वाळू असे प्रमाण धरावे, पण समुद्राची वाळू नको. जुना माल पूर्ण काढावा. वरून थापलेला पापुद्रा आधी सुटतो. कोने पाण्यात भिजवून पुसून घ्यावेत, आणि काम मेऐवजी जानेवारीत, उन्हे उतरल्यावर करून आठवडाभर ओली गोणपाटे टाकावीत.

गळती कुठून होते हे माळ्यावरूनच कळते. पाणी वाशावरून घरंगळत जाऊन भलत्याच जागी ठिबकते, म्हणून थेंबाच्या बरोबर वर पाहून उपयोग नाही. आढ्यावरचा काळपट डाग शोधून त्याच्या कडेने खडूने रेघ ओढावी आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर पाहावे. मामांच्या आढ्यावर जूनमध्ये ओढलेली रेघ सप्टेंबरअखेर तशीच होती, डाग तिच्याबाहेर सरकला नव्हता.