थर्माकोलच्या भिंती

भिंतीसाठी लावलेला साचा सिमेंट सुकल्यावर काढतात, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. कॅनडातले कंत्राटदार वेर्नर ग्रेगोरी यांनी १९६०च्या दशकात तो काढलाच नाही. त्यांची पद्धत आज आयसीएफ म्हणून ओळखली जाते. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळई बांधायची आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. दोन्ही बाजूंना साधारण अडीच इंच फोम, मध्ये सहा इंच काँक्रीट.

मजबुतीचा प्रश्न लवकर निकालात निघतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात सुमारे सात किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतींवर डागला, तेव्हा लाकडी सांगाड्यावर विटांचा थर असलेली भिंत त्याने भेदली, पण आयसीएफची भेदता आली नाही. अर्थात ही ताकद सळईच्या काँक्रीटची आहे, फोमची नाही. विटांची भिंत वजन छान पेलते, भूकंपाच्या आडव्या धक्क्यात मात्र सांध्यांतून फाटते.

आरामाचं गणित मात्र सरळ नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत घ्या. बाहेर आणि आत पंधरा अंशांचा फरक धरा. नऊ इंची विटांच्या भिंतीतून साधारण २७० वॅट उष्णता आत येईल, आयसीएफमधून जेमतेम ३५. पण या भिंतीतलं काँक्रीट दोन्हीकडून फोममध्ये कोंडलेलं असल्याने खोलीची उष्णता ते फारशी शोषत नाही. विदर्भातल्या एसी नसलेल्या घरात माणसांची आणि स्वयंपाकाची ऊब आतच राहील. रात्री खिडक्या उघडून ती घालवली नाही, तर फोमचा उपयोग उलटाच. शिवाय बैठ्या घरात खरी आग ओकतं ते छप्पर. एसी दिवसभर चालत असेल, तर हीच भिंत कामाची.

खर्च सिमेंटवरून बघा. याच भिंतीला आयसीएफमध्ये १.३५ घनमीटर काँक्रीट, म्हणजे सुमारे अकरा पोती सिमेंट लागतं. विटांच्या जुडाईत अडीच-तीन पोती आणि हजारेक विटा. वर सळई, ठोकळे, टेकू, आणि फोम झाकणारा आगरोधक थर.

ओतकामात घाई नडते. एका दमात भिंत भरली, तर ताज्या काँक्रीटच्या दाबाने ठोकळा फुटतो. म्हणून तीन-चार फुटांचे थर देत पुढे जातात. याहून वाईट म्हणजे आत राहिलेली पोकळी. साचा उघडत नसल्याने ती दिसतच नाही. म्हणून ओतण्याआधी पोकळ्यांचं माप काढून ठेवावं. प्रत्यक्षात काँक्रीट त्यापेक्षा बरंच कमी लागलं, तर कुठेतरी ते अडकलं आहे असं समजावं. संशयाच्या जागी फोम कापून बघावा, नंतर तुकडा परत चिकटवता येतो.

वाळवी फोम खात नाही, पण त्यात बोगदे करून वर चढते, तेही गिलाव्याआड. अमेरिकेत वाळवीचा फार उपद्रव असलेल्या दक्षिण पट्ट्यात जमिनीखाली फोम वापरण्यावर बांधकाम संहितेचे निर्बंध आहेत. कोकणात असं घर बांधायचं, तर पायापासून वर वाळवीची वाट दिसेल अशी फोमविरहित पट्टी सोडावीच लागेल.