फ्लेक्स छापायला देण्याआधी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात फ्लेक्सच्या दुकानात मजकूर बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो. डिझायनर मागच्या वर्षीची फाइल उघडतो, नावं-फोटो बदलतो आणि नमुना मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. लगेच 'ओके' येतं, कारण पाहणारा प्रत्येक जण आपलं नाव तेवढं तपासतो.

समजा, नमुन्यात असं आहे: 'गणेशोस्तवाच्या हादिर्क शुभेच्छा! विसर्जन मिरवणूकीत सहभागी व्हा. मंगळवार, दि. ०६/०९/२०२५.'

'गणेशोस्तव' ही घाईतली चूक; 'उत्सव' हा शब्द सुटा करून वाचला की लगेच सापडते. 'हादिर्क'चं कारण मात्र वेगळं आहे. मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, दुकानात अनेकदा जुने फॉन्ट असतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलट. रूपांतर करताना हा क्रम गडबडला, की 'द'वरचा रफार पुढच्या 'क'वर जाऊन बसतो. म्हणून रूपांतरित मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द आधी तपासावेत. 'आशीर्वाद'मध्ये तर टाइप करणाऱ्याचा हातही चुकतो: शी दीर्घ, रफार 'व'वर.

'मिरवणूकीत'मधली चूक शुद्धलेखनाची. मूळ शब्द 'मिरवणूक', पण प्रत्यय लागला की 'मिरवणुकीत'. दिवाळीच्या फ्लेक्सवर याचीच भावंडं भेटतात. 'दिवाळी' ऱ्हस्व म्हणून 'दिपावली'ही ऱ्हस्व केलेली असते. तिथे 'दीप' आहे, म्हणून 'दीपावली'.

आता तारीख. २०२५ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी होती. मंगळवार आला कुठून? २०२४ला ती १७ सप्टेंबरला, मंगळवारी होती. जुन्या फाइलमधली तारीख बदलली, वार राहिला. वार नेहमी कॅलेंडर उघडूनच जुळवावा. 'शके'चा आकडाही असाच मागे राहतो: २०२५च्या गणपतीत १९४७ हवा, १९४६ नव्हे. आणि ०६/०९ लिहिण्यापेक्षा 'शनिवार, ६ सप्टेंबर' लिहिलेलं बरं. नऊ जून नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला एका नजरेत कळतं.

संपर्काच्या नंबरात मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नयेत. देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ पुष्कळदा 8 सारखा. दहा आकड्यांत एक जरी भलत्या लिपीतला असला, तरी फोन दुसऱ्याच माणसाला लागतो. नंबर नुसता वाचू नये, फ्लेक्सच्या नमुन्यावरून लावून पाहावा.

नावांना मात्र व्याकरण लावायचं नाही. माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसंच छापायचं, नाहीतर मंडळात वेगळीच मिरवणूक निघते.

छपाईआधी डिझायनर अक्षरांचं 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. त्यानंतर दुरुस्तीला शब्द पुन्हा टाइप करावा लागतो. तपासणी त्याआधी करावीच. पण छपाईला जाणारी शेवटची फाइलही मोठी करून एकदा पाहावी. वरच्या ओळीतले रफार आणि मात्रा फ्लेक्सच्या दुमडीत जाणार नाहीत ना, हे तिथेच दिसतं.