‘प्रदर थांबला, मग आता तपासणी कशाला?’

सिल्लोडच्या बाजारात मिरचीची आवक सुरू झाली, की आमच्या चिकित्सालयात प्रदराच्या रुग्णा वाढतात. शेतीच्या हंगामात दुखणे अंगावर काढलेली स्त्री हातात चार पैसे आल्यावर वैद्याकडे येते, हा येथील अनेक वर्षांचा क्रम आहे. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावातून ४२ वर्षे वयाची रुग्णा आली. श्वेतप्रदर व कटिशूल ही तिची लक्षणे होती. आम्ही पुष्यानुग चूर्ण व पत्रांगासव दिले आणि धावनाची योजना केली. दीड महिन्यात स्राव बराच कमी झाला. पुढे आठ महिन्यांनी ती मुलीच्या औषधासाठी आली, तेव्हा पिशवीतील कागदांत तिचा स्वतःचा एक अहवाल निघाला. एका शिबिरात केलेल्या पॅप स्मिअरचा तो अहवाल आमच्या उपचारापूर्वीचा होता आणि त्यावर ‘एचएसआयएल’, म्हणजे उच्च श्रेणीची पेशीविकृती, असे स्पष्ट लिहिले होते. तो तिला कोणी समजावून सांगितला नव्हता आणि आम्हीही पूर्वीचे कागद मागितले नव्हते. तपासणीस जाण्याविषयी सांगताच ती म्हणाली, “डॉक्टर, पांढरं जाणं तर तुमच्याच औषधानं थांबलं, मग आता तपासणी कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वैद्याजवळ व औषधविक्रेत्याजवळ तयार असले पाहिजे. गर्भाशयमुखावरील पूर्वकर्करोग अवस्थेला स्वतःचे असे लक्षण नसते. स्राव बहुधा सोबतच्या संसर्गाचा वा शोथाचा असतो. तो औषधाने थांबतो आणि पेशींतील विकृती जागच्या जागी राहते. लक्षणाच्या उपशयावरून या व्याधीचे अनुमान करता येत नाही.

या विषयातील एक महत्त्वाचा पुरावा आपल्या मराठवाड्यातूनच जगाला मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीस टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक अभ्यास सुरू केला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, अशी योजना होती. चौथ्या गटास नेहमीचीच सेवा होती. प्रत्येक तपासणी एकदाच झाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, तर किंचित मोठ्या असलेल्या एचपीव्ही गटात ३४. पॅप व व्हीआयए गटांत मात्र मृत्यूंत निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही. (चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती अस्थानी होती असे आम्हांस वाटत नाही.)

म्हणून व्हीआयए निरुपयोगी ठरते काय? तसे नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा करविली आणि मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी जितकी कमी संवेदनशील, तितकी ती लवकर पुन्हा करावी लागते, असा याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार तिशीपासून एचपीव्ही तपासणी दर ५ ते १० वर्षांनी पुरते. व्हीआयए किंवा पॅप असेल तर दर ३ वर्षांनी करावी. एचआयव्हीबाधित स्त्रीची तपासणी पंचविशीपासून आणि अधिक वेळा व्हावी लागते. आपल्या शासनाच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयासाठी दर ५ वर्षांनी व्हीआयए सांगितली आहे. तिशीच्या आत एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरू नये. त्या वयातील बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात.

व्हीआयएमध्ये योनीक्षणयंत्राने गर्भाशयमुख पाहून ३ ते ५ टक्क्यांचे अॅसेटिक आम्ल कापसाच्या बोळ्याने लावतात आणि एक मिनिट थांबतात. दोन प्रकारच्या आवरणांच्या संधिरेषेला लागून दाट, स्पष्ट कडेचा पांढरा डाग उमटला तर तपासणी सकारात्मक. रजोनिवृत्तीनंतर ही संधिरेषा आत सरकते व दिसत नाही. अशा स्त्रीस व्हीआयएवरून ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणे धोक्याचे आहे. पॅपचा दोष वेगळ्या ठिकाणी असतो. काचपट्टी अल्कोहोलमध्ये तत्काळ न बुडविता वाळू दिली, तर पेशी बिघडतात व अहवाल ‘असमाधानकारक’ येतो. हा अहवाल निर्दोष नव्हे. तपासणी झालीच नाही असे समजून ती पुन्हा करावी. आपल्या बाजूने इतके पाळावे, की तपासणीपूर्वी दोन दिवस पिचु, धावन, वर्ती बंद ठेवावी.

आता सदोष अहवालाविषयी. धाराशिवच्या अभ्यासात एचपीव्ही तपासणी झालेल्या शंभरांपैकी सुमारे दहा स्त्रिया सकारात्मक होत्या. उपचार करावा लागेल अशी पूर्वकर्करोग अवस्था शंभरांत सुमारे एकीतच निघाली. म्हणून ‘सकारात्मक’ म्हणजे कर्करोग, असे सांगून कुटुंबाला घाबरवू नये आणि सगळेच आपोआप बरे होते म्हणून घरीही पाठवू नये. एचपीव्ही सकारात्मक असेल तर व्हीआयए, पॅप किंवा कॉल्पोस्कोपी ही दुसरी पायरी होते. ती निर्दोष आली तर दोन वर्षांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी करावी. पॅपमध्ये ‘एएससीयूएस’ असा संदिग्ध शेरा आला, तर एचपीव्ही तपासणी किंवा वर्षाने पुन्हा पॅप. ‘एचएसआयएल’मध्ये मात्र वाट पाहणे नाही; कॉल्पोस्कोपी करून संशयित जागेचा तुकडा तपासावाच लागतो.

संभोगोत्तर रक्तस्राव, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव किंवा दुर्गंधी रक्तमिश्रित स्राव असेल, तर ही चाळणी लागूच होत नाही. तेथे निर्दोष पॅपवर विसंबू नये. गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनाही हेच सांगणे आहे. प्रदराचे औषध तिसऱ्यांदा मागणाऱ्या स्त्रीला हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात.

आमच्या रुग्णेला आम्ही म्हणालो, “ताई, औषधानं स्राव गेला, पण पिशवीच्या तोंडाशी काय आहे ते औषधाला दिसत नाही, दुर्बिणीला दिसतं.” पतीला सोबत घेऊन ती छत्रपती संभाजीनगरला गेली. कॉल्पोस्कोपीत तुकडा घेतला. अहवाल सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाच्या आधीची शेवटची पायरी. तारेच्या विद्युत्‌चक्राने, ज्याला लीप म्हणतात, तो भाग काढला गेला. गर्भाशय काढावे लागले नाही. काढलेल्या भागाच्या कडा विकृतीमुक्त होत्या.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आमच्यासमोर होती. पाण्यासारखा स्राव सुरू होता आणि तिला पूर्वीचेच चूर्ण व धावन हवे होते. लीप किंवा शीतदहनानंतर काही आठवडे असा स्राव अपेक्षित असतो. जखम भरत असते. त्या काळात धावन, पिचु, उत्तरबस्ती व संभोग वर्ज्य. ज्वर, दुर्गंधी किंवा जास्त रक्त गेले तरच तातडीने परत पाठवावे लागते. यांपैकी काहीही नव्हते. आम्ही औषध दिले नाही, ती थोडी नाराज होऊनच गेली. वर्षाने एचपीव्ही तपासणी झाली, ती नकारात्मक आली. तो कागद मात्र तिने आपणहून आणून दाखविला आणि सोबत थोरल्या जावेलाही आणले. जावेचे वय ५१, पाळी बंद होऊन दोन वर्षे झालेली. तिला व्हीआयएऐवजी एचपीव्ही तपासणीसाठी चिठ्ठी दिली.