पहिल्या सरीचे पाणी किती सोडावे?

खडकीच्या जुन्या बैठ्या घरांच्या पत्र्यांवर ऑक्टोबरपासून जूनपर्यंत धूळ, पालापाचोळा आणि पारव्यांची विष्ठा साचत राहते. पहिल्या सरीबरोबर हे सारे पन्हाळीतून थेट टाकीत उतरते. वयोवृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांच्या घरी हे पाणी टाकीत न जाऊ देणेच इष्ट. त्यासाठी पन्हाळीच्या उतरत्या नळाला एक उभा बंद पाइप जोडतात. आधी तो घाण पाण्याने भरतो, आतला तरंगता चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचे पाणी टाकीकडे वळते.

हा पाइप केवढा असावा, याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. स्वच्छ छपरासाठी चौरस मीटरमागे अर्धा लिटर सोडला तरी चालतो. पारवे बसणाऱ्या किंवा रहदारीच्या रस्त्यालगतच्या छपरासाठी दोन लिटर धरावेत. छप्पर उतरते असल्यास त्याची सावली जमिनीवर जेवढी जागा व्यापेल तेवढेच क्षेत्रफळ मोजावे.

समजा, आपले छप्पर आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. पारवे असल्याने ९६ लिटर सोडावे लागतील. १६० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे १८ लिटर पाणी मावते. म्हणजे सव्वापाच मीटरहून अधिक पाइप हवा. बैठ्या घराला तेवढी उंची नसते. मात्र छपराच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र उतरते नळ असतील, तर प्रत्येकाला ४८ लिटर, म्हणजे पावणेतीन मीटरचा पाइप पुरतो. भरलेला पाइप जड होतो, म्हणून त्याला भिंतीत पक्के कडे हवे.

तळाशी सावकाश ठिबकणारी तोटी असावी, जेणेकरून पाइप सुमारे एका दिवसात रिकामा होईल. पाणी कमी होते तसा ठिबकण्याचा वेगही मंदावतो. म्हणून पाइप भरलेला असताना २०० मिलिलिटरचा पेला साधारण तीन मिनिटांत भरेल इतकीच तोटी उघडावी.

खरा बिघाड येथेच होतो. तोटी गाळाने बुजली की पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण सरळ टाकीत जाते. दोन दिवसांच्या उघडिपीनंतरही तोटी पूर्ण उघडताच पाणी जोरात आले, तर ती तुंबली होती असे समजावे. तळाचे झाकण, वाकावे किंवा चढावे लागणार नाही अशा उंचीवर बसवून घ्यावे, आणि पाइप रिकामा झाल्यावरच ते उघडून गाळ काढावा.

पाइप भरल्यानंतर टाकीत पडणारे पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहावे. ते गढूळ दिसले, तर एक तर चेंडू नीट बसत नाही, नाही तर पाइप लहान पडतो. आणि ते नितळ दिसले, तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पिण्यासाठी ते उकळूनच घ्यावे.