एका सिनेमात दोन घराणी

‘ड्रंकन मास्टर २’ हा हाँगकाँगचा सिनेमा १९९४ साली आला. त्यातली सुरुवातीची एक मारामारी रेल्वेच्या डब्याखाली होते. जागा इतकी बुटकी की कुणाला धड उभं राहता येत नाही. एकाकडे भाला, दुसऱ्याकडे तलवार. दोघं उकिडवे बसून, कधी रांगत, कधी पाठीवर पडून एकमेकांवर वार करतात. शस्त्र फिरवायला वाव नाही, त्यामुळे प्रत्येक वाराचा कोन मोजूनमापून घ्यावा लागतो. कॅमेरा फारसा जवळ जात नाही. दोन्ही अंगं आणि दोन्ही हत्यारं चौकटीत पूर्ण दिसतात.

याच सिनेमाची अखेरची मारामारी पोलाद कारखान्यात घडते आणि ती जणू वेगळ्याच सिनेमातली वाटते. खलनायक एक पाय जमिनीवर न टेकवता लाथांमागून लाथा मारत राहतो. नायक धडपडतो, तोंड वेडंवाकडं करतो, निखाऱ्यांवर पडतो आणि रांगत बाहेर येतो. ते निखारे पेटलेले होते आणि त्यांवरून रांगणारा माणूस जॅकी चॅनच होता.

हा फरक दोन वेगळ्या हातांमुळे पडला. सिनेमाचे दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग. डब्याखालच्या झुंजीत चॅनसमोर उभे आहेत तेही तेच. मारामारी कशी असावी यावर दोघांचं जमलं नाही, लाऊ मधूनच बाजूला झाले आणि शेवट चॅनने आपल्या पद्धतीने चित्रित केला. भांडण निर्मात्याला महागात पडलं असेल, पण प्रेक्षकाची सोय झाली: हाँगकाँगच्या मारामारीची दोन घराणी एकाच तिकिटात पाहायला मिळाली.

लाऊंचं घराणं अगदी शब्दशः गुरु-शिष्य परंपरेचं. सिनेमातला नायक वाँग फेई-हुंग हा दक्षिण चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेला खराखुरा वैद्य आणि कुंग-फू गुरू. त्याचा शिष्य लाम साई-विंग, लामचा शिष्य लाऊ चाम आणि लाऊ चाम यांचा मुलगा म्हणजे लाऊ कार-लिउंग. वाँगवर १९४९पासून हाँगकाँगमध्ये सिनेमांची रांगच लागली. क्वान ताक-हिंग या नटाने ती भूमिका वर्षानुवर्षं केली आणि लाऊ बाप-लेकांनीही त्या सिनेमांत काम केलं. म्हणजे ‘ड्रंकन मास्टर २’मध्ये लाऊ आपल्या आजेगुरूच्या गुरूचीच गोष्ट सांगत होते. पवित्रा चुकलेला त्यांना खपत नसे, यात नवल नाही.

चॅन आला पेकिंग ऑपेराच्या शाळेतून. लहान वयातच आईवडिलांनी त्याला हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन या गुरूंच्या हवाली केलं आणि पुढची सुमारे दहा वर्षं तो तिथेच राहिला. कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, शस्त्रं, रंगभूषा असं सगळं तिथे शिकवलं जाई आणि चुकलं की छडी ठरलेली. सामो हंग, युएन बियाओ, कोरी युएन ही पुढे गाजलेली मंडळी याच शाळेतली. ही मुलं मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला होता. उड्या मारता येणाऱ्या तरुणांना काम होतं ते सिनेमात, पडायचं आणि मार खायचं. ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त आणि ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये चॅन अशाच किरकोळ मार खाणाऱ्यांत आहे. लीच्या काही कोलांट्याही प्रत्यक्षात याच शाळेतल्या युएन वाहने मारलेल्या आहेत.

ऑपेराने सिनेमाला कोलांट्यांपेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे लय. ऑपेराचा नट हालचालींची सरबत्ती करतो आणि झांजेच्या ठोक्यावर एका पवित्र्यात थिजतो. कथकची नर्तकी तोडा संपवून समेवर थांबते तसंच. सिनेमाचे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारामारीतला हाच साचा नेमका दाखवून दिला: थांबा, स्फोट, पुन्हा थांबा. दोघं एकमेकांना जोखत उभे राहतात, आठ-दहा वार होतात, पुन्हा क्षणभर सगळं स्तब्ध. या थांब्यांमुळे डोळ्याला आधीचे वार पचवायला वेळ मिळतो आणि कोण वरचढ आहे ते कळतं. ज्या मारामारीत असा थांबा नाही, ती कितीही वेगवान असली तरी काही मिनिटांत नुसता गोंगाट होते.

ही लय कॅमेऱ्यात पकडण्यासाठी हाँगकाँगने चित्रीकरणाची आपली रीत बसवली. अमेरिकेत बराच काळ पद्धत अशी होती की अख्खी मारामारी तीन-चार कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी टिपायची आणि नंतर संकलकाने त्यातून जुळणी करायची. हाँगकाँगचा ॲक्शन डायरेक्टर तुकड्यातुकड्याने जातो. पाच-सहा हालचाली बसवायच्या, त्यांना शोभेल तिथे कॅमेरा लावायचा, मनासारखं होईपर्यंत टेक घ्यायचे आणि मग पुढचा तुकडा. कोणता ठोसा कुठून दिसणार हे त्याच्या डोक्यात आधीच पक्कं असतं. म्हणून मारामारी चालू असेपर्यंत सेटवर अनेकदा त्याचाच शब्द चालतो, दिग्दर्शक बाजूला बसतो.

काही युक्त्या मात्र उघड्या डोळ्यांनाही सापडतात. कपड्यांवर आधी भुकटी मारलेली असते, त्यामुळे लाथ बसताच धुरळा उडतो आणि फटका खणखणीत वाटतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी दिसतात. चित्रीकरण २२ चौकटींच्या वेगाने केलं की हालचाल किंचित चपळ होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. २०च्याही खाली गेलं की माणसं मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळू लागतात. तिसरी युक्ती संकलनाची: दुरून दिसलेला फटका जवळच्या दृश्यात दोन-तीन चौकटी मागे जाऊन पुन्हा दाखवायचा. प्रेक्षकाला तो एकच वाटतो, पण दुप्पट जोरात बसलेला. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) चॅन मॉलमधल्या दिव्यांनी लगडलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, ती उडी मात्र उघडउघड वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवली आहे. हात भाजून घेतलेल्या माणसाला तेवढा हक्क असावा.

नवख्या प्रेक्षकाने सुरुवात ‘ड्रंकन मास्टर २’पासूनच करावी. त्यात विनोद भरपूर आहे, रक्तपात कमी आहे आणि चाळिशीला टेकलेल्या चॅनने पोरसवदा मुलाचं सोंग घेतलं आहे. त्याच्या सावत्र आईचं काम करणारी अनिता मुई तर त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. तीच सगळ्यात धमाल आणते. दोन मारामाऱ्यांमधला फरक एकदा दिसला की पुढचे सिनेमे आपोआप कुठल्या ना कुठल्या बाजूला पडू लागतात.

त्यानंतर लाऊंचाच ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८). यात खरं आकर्षण मारामारीचं नसून तालमीचं आहे. नायक मठात येतो आणि पहिल्याच परीक्षेत अडतो: जेवणघराच्या वाटेत पाणी आहे आणि त्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पलीकडे जायचं आहे. पडला की जेवण हुकलं. पुढे हात ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडांना पाती बांधलेली, म्हणजे हात खाली आला की बरगडीत टोक. कारण आणि परिणाम इतक्या सावकाश दाखवणारा मारधाडपट विरळा. नायक गॉर्डन लिऊ पुढे टॅरँटिनोच्या ‘किल बिल’मध्ये आणि अक्षयकुमारच्या ‘चांदनी चौक टू चायना’तही दिसला.

तिसरा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००). याच्या मारामाऱ्या बसवल्या युएन वू-पिंग यांनी, ज्यांनी त्याआधी ‘द मेट्रिक्स’मधल्या नटांना महिनोन्‌महिने घाम गाळायला लावलं होतं. लोकांना या सिनेमातली बांबूच्या शेंड्यांवरची लढत आठवते. तारांवर लटकवलेले नट आणि नंतर संगणकाने पुसलेल्या तारा यांची ती कमाल आहे. पण शिकायला चांगली आहे ती अंगणातली, मिशेल यो आणि झांग झियी यांची झुंज.

धाकटीच्या हातात एक असामान्य तलवार आहे, कशालाही कापणारी. थोरलीकडे ती नाही, पण भिंतीशी शस्त्रांचा साठा आहे आणि हातात आयुष्यभराची तालीम. ती जोडतलवारी घेते, मग भाला, मग आकड्यांच्या तलवारी. एकेक शस्त्र तुटतं. मध्येच एक अवजड हत्यार उचलायला जाते तर ते तिला पेलवत नाही आणि धाडकन जमिनीवर आदळतं. दोघींच्या वैरात प्रेक्षक हसतो, तो एवढ्याच जागी. शेवटी तुटक्या तलवारीचं पातं ती धाकटीच्या मानेवर टेकवते आणि थांबते. धाकटी त्या दयेचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते. कौशल्य कुणाचं आणि निव्वळ हत्याराचा माज कुणाला, हे संवादाविना कळतं. मिशेल यो मुळात बॅले शिकलेली, कुंग-फूच्या कुठल्याच घराण्यातली नव्हे. शरीराला लय कळत असेल तर वार शिकवता येतात, हे युएन यांना ठाऊक होतं.

या तिन्हींनंतर गोडी लागलीच, तर किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ घ्यावा. बांबूवनातल्या लढतीचं मूळ तिथे आहे आणि त्याला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक पुरस्कार मिळाला. पण तो तीन तासांहून मोठा आहे आणि पहिली झटापट यायलाच तासभर जातो. पहिल्याच रविवारी तो लावणाऱ्याला डुलकी लागायची शक्यता जास्त. इंडोनेशियाचा ‘द रेड’ (२०११) याच्या उलट टोकाचा. सिलाट या तिथल्या युद्धकलेची चपळाई त्यात थक्क करते, पण रक्त इतकं की घरातल्या मुलांना झोपवून मगच पाहावा.

आवृत्ती निवडताना मात्र सावध राहावं. हाँगकाँगमध्ये पूर्वी बहुतेक सिनेमे मुके चित्रित करून आवाज नंतर भरत, त्यामुळे मूळ कँटोनीज आवृत्तीतही ओठ आणि शब्द कधीकधी जुळत नाहीत. तो बिघाड नव्हे. ‘ड्रंकन मास्टर २’ अमेरिकेत २००० साली ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने इंग्रजी संवाद घालून आला. त्यात संगीत बदललं आहे आणि कारखान्यातलं स्पिरिट पिऊन लढलेल्या नायकाची पुढे काय गत झाली हे दाखवणारा शेवटचा छोटा प्रसंग कापला आहे. उपशीर्षकांसह कँटोनीज आवृत्ती मिळाली, तर तीच घ्यावी.