ओट्याजवळचा विजेचा बंब

पूर्वी आपल्या घरात तांब्याचा बंब असे. मध्ये विस्तव, भोवती पाणी. आता बाजारात विजेचा लहान बंब मिळतो. त्याला लोक गिझर म्हणतात. स्वयंपाकघरासाठी तीन लिटरचा घेतात. तो भिंतीवर बसतो, नळाला जोडता येतो, आणि थंडीच्या दिवसांत भांडी घासणाऱ्या बाईचे हात काकडत नाहीत.

आमच्या सौ.चे सांधे दुखतात. म्हणून मागच्या हिवाळ्यात आमच्या धाकट्याने असा बंब आणला आणि स्वतःच बसवला. बसवताना त्याच्या हातून चार चुका झाल्या. त्यातल्या एका चुकीने मोठा घात व्हायचा, तो थोडक्यात टळला. त्या चुका आम्ही तुम्हाला सांगतो.

तीन दिवस बंब चालला. पहिल्या दिवशी प्लग तापला. दुसऱ्या दिवशी बंबातून तडतड आवाज आला. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." आम्ही म्हणालो, "थंडीने हात बधिर झाले असतील." असे बोलायला नको होते. पाण्याजवळ झिणझिणी आली म्हणजे वीज अंगात शिरली, हे आम्ही ओळखायला हवे होते. त्या संध्याकाळी नळ उघडताच त्यांचा हात झटक्याने मागे आला. मग मात्र आम्ही मेन बटण बंद केले आणि तालुक्याहून परवान्याचा वायरमन बोलावला.

वायरमनने आधी प्लग पाहिला. बंबाच्या वायरला दुकानातून प्लग आला नव्हता. धाकट्याने त्याला बारीक पायांचा प्लग लावला होता आणि मिक्सरच्या जागी खुपसला होता. वायरमन म्हणाला, "गुरुजी, गाडीवाटेवरून मालगाडी नेलीत की!"

त्याने हिशेब सांगितला, तो सोपा आहे. हा बंब 3000 वॅटचा. घरातली वीज 230 व्होल्टची. 3000 ला 230 ने भागा. उत्तर 13 येते. म्हणजे बंब 13 अँपिअर वीज ओढतो. बारीक पायांचा प्लग 6 अँपिअरचा असतो. तो दिव्याला, पंख्याला, मिक्सरला पुरतो. बंबाला पुरत नाही. तो तापतो, काळा पडतो, वितळतो, आणि भिंतीतली बारीक तारही आतल्या आत तापते. आग अशीच लागते.

म्हणून बंबाला जाड पायांचा, 16 अँपिअरचा प्लग हवा. त्याची तार मीटरजवळच्या बोर्डापासून वेगळी आणावी, दिव्याच्या तारेला जोडू नये. तार तांब्याची आणि निदान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची असावी. आमचा बोर्ड लांब होता, म्हणून वायरमनने चार चौरस मिलिमीटरची घातली. तिच्यावर 16 अँपिअरची एमसीबी बसवली. जास्त वीज वाहू लागली की हे बटण आपोआप खाली पडते. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तो कमी असेल तर बंब घेण्याआधी वीज कचेरीत अर्ज करून वाढवून घ्यावा.

ही झाली पहिली चूक. दुसरी चूक जिवावर बेतणारी होती.

प्लगला तीन पाय असतात. दोन पायांतून वीज येते आणि जाते. तिसरा, मोठा पाय अर्थिंगचा. तो नसला तरी बंब चालतो, पाणी तापते. म्हणून पुष्कळांना वाटते, या तिसऱ्या तारेचे काही काम नाही. आमच्या भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती!

या तारेचे काम असे. बंबाच्या आत पाण्यात तापणारी कांडी असते. तिच्यावर आवरण असते. आवरणाला चीर गेली, ओल शिरली, की वीज पाण्यात आणि बंबाच्या अंगावर झिरपते. अर्थिंगची तार नीट असेल तर ही वीज सरळ जमिनीत जाते. तार नसेल तर ती वाट पाहत बसते. कोणी ओल्या पायांनी उभे राहून नळाला हात लावला, की त्या माणसाच्या अंगातून ती जमिनीत जाते. सौ.च्या हाताला हेच झाले होते.

वायरमनने बाहेर जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला. तार गंजून तुटली होती. त्याने नवा खड्डा खणला, रॉड पुरला, भोवती मीठ आणि कोळसा घातला, पाणी ओतले. उन्हाळ्यात जमीन सुकते, तेव्हा या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगितले. मग आपल्या दिव्याने अर्थिंग लागते की नाही ते तपासले. ही तपासणी वायरमननेच करावी, आपण करू नये.

आणखी एक सांगतो. आमच्या ओळखीच्या एकाने सुचवले होते, "खड्डा कशाला? प्लगमध्येच अर्थिंगचं भोक न्यूट्रलला जोडून टाका." असे कधीही करू नका. न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर बंबाच्या अंगावर पुरी वीज येते.

आम्ही वायरमनला विचारले, "एमसीबी बसवली, मग धक्का बसलाच तर ती पडेल ना?" तो म्हणाला, "नाही गुरुजी. एमसीबी तारेची राखण करते, माणसाची नाही." त्याने समजावले, ते असे. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. सोळा अँपिअरच्या बटणाला एवढ्याशा विजेचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी वेगळे यंत्र असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का, हे ते बघत असते. घरासाठी ते 30 मिलीअँपिअरचे घ्यावे. एवढ्या विजेची तूट आली की ते क्षणात वीज तोडते. त्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्याबरोबर वीज गेली पाहिजे. गेली नाही तर यंत्र बिघडले असे समजून ते बदलावे. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग सोडू नये. दोन्ही हवीत.

तिसरी चूक जागेची. धाकट्याला बंब झाकून ठेवायचा होता. म्हणून त्याने तो ओट्याखाली लावला. पण हा बंब भिंतीवर वर लावायचा होता. त्याच्या नळ्या खालच्या बाजूला होत्या. सिंकला जोडणे सोपे जावे म्हणून धाकट्याने तो उलटा केला, नळ्या वर आल्या. उलट्या बंबात वरच्या बाजूला हवा अडकते. कांडीचे बूड त्या हवेत उघडे राहते आणि कोरडेच तापते. तडतड आवाज त्याचा होता. कांडीचे आवरण त्यानेच फुटले असावे, असे वायरमनचे मत पडले. ओट्याखालीच लावायचा असेल तर वर नळ्या असलेला, त्यासाठीच बनवलेला बंब मिळतो. तोच घ्यावा.

शिवाय आमच्या ओट्याखाली गॅसची टाकी आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालीच साचतो. तिथे प्लगची ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला नको. आता आमचा बंब सिंकच्या वर भिंतीवर आहे. त्याचे बटण आणि प्लग बाजूच्या भिंतीवर, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा ठिकाणी आहेत.

चौथी चूक लहान वस्तूची. बंबाच्या खोक्यात एक पितळी वस्तू निघाली होती. धाकट्याने ती उगीचची म्हणून फडताळात टाकली. ती सुरक्षा झडप होती. तांब्याचा बंब उघडा असे, वाफ वर निघून जाई. विजेचा बंब बंद असतो. पाणी तापले की फुगते. नळ बंद असेल आणि मागे जायलाही वाट नसेल, तर आत दाब वाढतो. ही झडप थंड पाण्याच्या बाजूला बसते आणि दाब वाढला की थोडे पाणी बाहेर सोडते. पाणी तापताना तिच्यातून दोनचार थेंब पडले तर तो बिघाड नाही. तिचे भोक कधी बुजवू नका. थेंबांऐवजी सारखी धार लागली तर मात्र वायरमनला किंवा दुकानदाराला दाखवा.

जुना बंब दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. नवा घेताना आम्ही आयएसआयची खूण पाहून घेतला. बसवल्यावर वायरमनने आधी पाणी सोडले. गरम पाण्याच्या नळातून हवा गेली, अखंड धार लागली, तेव्हाच बटण दाबले. हा क्रम कायम लक्षात ठेवा. आधी पाणी, मग वीज. टाकी रिकामी असेल, नळाला पाणी नसेल, त्या दिवशी बंबाचे बटण लावूच नका.

आता आमच्या घरी सौ. बटण लावतात. साधारण दोन मिनिटांत तीन लिटर पाणी तापते. मग त्या बटण बंद करतात आणि नळ सोडतात. नळ बारीक सोडावा. भरभर सोडला तर गरम पाणी संपते आणि मागून थंड येते. लहान मुले घरात असतील तर आधी पाण्यात थोडे थंड मिसळावे. सुरुवातीचे पाणी चटका देते. आमच्यासारखे विहिरीचे, क्षाराचे पाणी असेल तर कांडीवर पांढरी पुटे चढतात. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला की वायरमनकडून कांडी साफ करून घ्यावी.

परवा आम्ही सौ.ना विचारले, "आता झिणझिण्या येतात का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण आल्या तर या वेळी तुम्हाला विचारणार नाही. आधी मेन बटण बंद करीन."

बरोबरच बोलल्या. तुम्हीही तसेच करा.