डावीकडचा आकडा बदलला, की सेल रंगला

गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराचा वर्षाचा तक्ता तसा साधा असतो. समजा, सोसायटीत 24 फ्लॅट आहेत. एक्सेलमध्ये A रकान्यात फ्लॅट नंबर, B मध्ये एप्रिलची मेंटेनन्सची रक्कम, C मध्ये मेची, असं करत M मध्ये मार्चची. पहिली ओळ शीर्षकांची, त्यामुळे आकडे दुसऱ्या ओळीपासून पंचविसाव्या ओळीपर्यंत. एकूण 288 आकडे, आणि त्यातले बहुतेक 2500. या गर्दीत कुठे 2500 च्या जागी 2050 पडलंय का, हे शोधायला बसलं की चार-पाच ओळींतच नजर घसरू लागते.

एक्सेलला मात्र हे काम एका ओळीच्या सूत्रात सांगता येतं: प्रत्येक सेलने आपल्या लगेच डावीकडच्या सेलकडे पाहावं, आणि आकडा वेगळा असेल तर रंगून दिसावं. ज्या सोयीने हे होतं, ती कंडिशनल फॉरमॅटिंग एक्सेल 97 पासून उपलब्ध आहे.

सुरुवात निवडीपासून होते आणि निम्मं यश तिथेच ठरतं. एप्रिलच्या डावीकडे फ्लॅट नंबर आहे. 2500 ची तुलना ‘101’ शी झाली तर अख्खा एप्रिल रंगेल. म्हणून निवड मेपासून करायची. C2 वर क्लिक करून माउस M25 पर्यंत ओढायचा. मग Home टॅबवर Conditional Formatting, त्यात New Rule, आणि तिथे Use a formula to determine which cells to format हा पर्याय घ्यायचा. सूत्राच्या चौकटीत एवढंच टाइप करायचं:

```
=C2<>B2
```

`<>` या खुणेचा अर्थ ‘बरोबर नाही’. Format बटण दाबून Fill मध्ये फिकट पिवळा रंग निवडला आणि OK केलं, की काम झालं.

सूत्रात नाव फक्त C2 आणि B2 चं असलं, तरी नियम 264 सेलना लागतो. एक्सेल ते सूत्र निवडीतल्या सक्रिय सेलसाठी लिहिलंय असं धरतं आणि बाकीच्यांसाठी पत्ते आपोआप सरकवतं: D2 साठी D2 आणि C2, H14 साठी H14 आणि G14. सक्रिय सेल कोणता, ते सूत्रपट्टीच्या डावीकडच्या छोट्या चौकटीत दिसतं. कोणी उलट दिशेने, म्हणजे M25 पासून वर ओढत निवड केली, तर सक्रिय सेल M25 असतो. मग वरच्या सूत्राने भलत्याच सेलची तुलना होते आणि रंग कुठेही उमटतात.

दुसरी नेहमीची फसगत डॉलरच्या चिन्हाची. पत्ता टाइप न करता माउसने सेलवर क्लिक केलं, तर सूत्रात `$C$2` येतं. डॉलर म्हणजे ‘इथून हलू नकोस’. मग सगळे सेल फक्त C2 आणि B2 चीच तुलना करत बसतात आणि एकतर सगळा तक्ता पिवळा होतो, नाहीतर एकही सेल रंगत नाही. असं दिसलं की डॉलर काढून टाकावेत. त्या चौकटीत बाणाची कळ दाबली तर कर्सर सरकण्याऐवजी नवा पत्ता घुसतो. आधी F2 दाबलं की हा त्रास होत नाही.

नियम नीट लागला, की तक्ता वाचायला शिकायचं. समजा, फ्लॅट 203 च्या ओळीत ऑगस्टला 2050 पडलेत आणि सप्टेंबरला पुन्हा 2500 आहेत. रंग दोन सेलना लागेल: ऑगस्टला, कारण तो जुलैपेक्षा वेगळा, आणि सप्टेंबरला, कारण तो ऑगस्टपेक्षा वेगळा. एका ओळीत शेजारी-शेजारी दोन रंगलेले सेल दिसले, तर बहुधा एका महिन्याची चूक आहे, आणि ती त्या दोहोंपैकी पहिल्या सेलमध्ये आहे. एकच सेल रंगला आणि पुढे सगळं साधं राहिलं, तर बदल कायम झालाय. फ्लॅट भाड्याने दिला आणि बिनभोगवटा शुल्क सुरू झालं, तर असंच दिसेल. ऑक्टोबरचा अख्खा रकाना वरपासून खालपर्यंत पिवळा झाला, तर सर्वसाधारण सभेने मेंटेनन्स वाढवलेला असणार. त्या पिवळ्या पट्ट्यात एखादा सेल पांढरा राहिला, तर त्या फ्लॅटला वाढ लावायची राहून गेली आहे.

रंग बदल सांगतो, दिशा सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर डिसेंबर 2024 मध्ये 6.50 टक्के होता. 2025 च्या फेब्रुवारीत तो 6.25, एप्रिलमध्ये 6.00 आणि जूनमध्ये 5.50 झाला, तर ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये 5.50 वरच राहिला. हे आकडे एका ओळीत मांडले तर फेब्रुवारी, एप्रिल आणि जून रंगतील, पुढचे दोन नाहीत. दर चढला की उतरला हेही हवं असेल, तर दोन वेगळे नियम करावेत: `=C2>B2` ला एक रंग, `=C2<B2` ला दुसरा.

काही सेल मात्र कारण नसताना रंगल्यासारखे वाटतात. वर्ष अर्धंच भरलं असेल, तर ऑक्टोबरपर्यंत आकडे आणि नोव्हेंबरचा रिकामा रकाना पूर्ण पिवळा, असं दिसतं. रिकामे सेल वगळायचे तर सूत्र असं लिहायचं:

```
=AND(C2<>"",C2<>B2)
```

दोन्हीकडे 2500 च दिसत असूनही सेल पिवळा झाला, तर दोन शक्यता तपासाव्यात. दुसरीकडून पेस्ट केलेला आकडा कधीकधी मजकूर म्हणून बसतो. तो सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही असतो. दुसरी शक्यता लपलेल्या दशांशाची: व्याज मोजताना 2500.37 आलेले असतात आणि पडद्यावर 2500 दिसतात. तिथे पूर्ण रुपयांतच तुलना करावी:

```
=ROUND(C2,0)<>ROUND(B2,0)
```

याउलट, सेलमध्ये `#N/A` सारखी त्रुटी असेल तर तुलनाच होत नाही आणि तो सेल बिनरंगाचा राहतो. अशा त्रुटी वेगळ्या शोधाव्या लागतात.

गूगल शीट्समध्येही हेच सूत्र चालतं. Format मेन्यूत Conditional formatting उघडून `C2:M25` ही रेंज द्यायची आणि Custom formula is निवडायचं. तिथे सूत्र रेंजच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सेलसाठी धरलं जातं, त्यामुळे निवड उलट ओढली तरी बिघडत नाही.

हा नियम एक गोष्ट कधीच पकडू शकत नाही. एखाद्या फ्लॅटला एप्रिलपासूनच 2500 ऐवजी 2300 लागले आणि वर्षभर तेवढेच राहिले, तर त्या ओळीत एकही सेल रंगणार नाही, कारण डावीकडचा आकडा दरवेळी तोच आहे. म्हणून एप्रिलचे 24 आकडे आधी सभेच्या ठरावाशी हाताने ताडून घ्यावेत. उरलेल्या अकरा महिन्यांचं काम मग नियमावर सोपवावं.